स्टॉपलॉस लावला होता, तरी शेअर विकला का गेला नाही?

शेअर विकताना आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. सौदा आत्ता व्हावा आणि मनातल्या भावालाच व्हावा. बाजार या दोन्हींची हमी एकाच वेळी देत नाही. मार्केट ऑर्डर टाकली तर सौदा होतो, पण भाव समोरचे लोक ठरवतात. लिमिट ऑर्डर टाकली तर भाव तुमच्या हातात राहतो, पण सौदा होईलच असं नाही. स्टॉप ऑर्डर या दोघींपैकीच एक असते, फक्त ती विशिष्ट भाव येईपर्यंत दाराबाहेर थांबते. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात आलं नाही की माणूस अडचणीत येतो.

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका ब्रोकरच्या शाखेत डीलर आहे. आता बहुतेक जण मोबाइलवरूनच ऑर्डर टाकतात. तरी काही गोंधळ झाला की लोक शाखेत येतात. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झालेले, वर्तकनगरला राहणारे एक काका असेच मोबाइल पुढे करत आले. "अगं, मी तीनशे तीसचा स्टॉपलॉस लावला होता ना? शेअर तीनशे एकवीसला आलाय आणि पाचशे वीस शेअर अजून माझ्याकडेच आहेत. तुमची सिस्टिम बंद होती का?" सिस्टिम चालू होती आणि ऑर्डरही बरोबर चालली होती. काकांनी जे सांगितलं होतं तेच तिने केलं होतं. त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं हे समजायला आधी ऑर्डरची वही बघावी लागते.

कोणत्याही शेअरवर बोट ठेवलं की ॲपमध्ये मार्केट डेप्थ दिसते. डावीकडे विकत घ्यायला उभे असलेले पाच सर्वांत चांगले भाव, उजवीकडे विकायला उभे असलेले पाच. काकांचा शेअर एका लहान कंपनीचा, रोज थोडेच सौदे होणारा. त्याची डेप्थ एखाद्या निवांत दुपारी अशी असते असं धरू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा शेअरमध्ये चित्र साधारण असंच असतं.

| खरेदीचा भाव | संख्या | विक्रीचा भाव | संख्या |
|---|---|---|---|
| 342.00 | 120 | 342.90 | 60 |
| 341.80 | 75 | 343.20 | 140 |
| 341.50 | 200 | 343.50 | 250 |
| 340.60 | 150 | 344.00 | 100 |
| 339.00 | 300 | 345.00 | 400 |

वर मोठ्या अक्षरात जो भाव दिसतो, तो LTP, म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो. समजा तो 342.90 आहे. लोक हाच आकडा "आजचा भाव" समजतात, पण तो होऊन गेलेल्या सौद्याचा भाव आहे. कमी चालणाऱ्या शेअरमध्ये तो सौदा दहा मिनिटांपूर्वीचाही असू शकतो. तुम्हाला आत्ता विकायचं असेल तर तुमचा गिऱ्हाईक डावीकडच्या रांगेत आहे, आणि त्यातला सर्वांत वरचा 342 देतोय, तोही फक्त 120 शेअरसाठी.

आता या शेअरचे 800 नग मार्केट ऑर्डरने विकून बघू. एक्स्चेंजचा संगणक तुमची ऑर्डर घेतो आणि डावीकडची रांग वरून खाली संपवत जातो. 120 शेअर 342 ला गेले. मग 75 शेअर 341.80 ला, 200 शेअर 341.50 ला, 150 शेअर 340.60 ला. इथपर्यंत 545 झाले. उरलेले 255 थेट 339 ला. हातात आले 2,72,510 रुपये, म्हणजे सरासरी 340.64. स्क्रीनवर 342.90 बघून तुम्ही मनात 2,74,320 चा हिशोब केला होता. मधले 1,810 रुपये गेले, आणि कुणीही फसवलेलं नाही.

हेच स्लिपेज. त्या 1,810 चे दोन तुकडे करून बघा, कारण दोन्हींचं कारण वेगळं आहे. LTP आणि वरच्या खरेदीदाराच्या भावात 90 पैशांचं अंतर होतं. 800 शेअरवर ते 720 रुपये होतात. हे पैसे ऑर्डर टाकण्याआधीच स्क्रीनवर स्पष्ट दिसत होते, फक्त आपण चुकीच्या आकड्याकडे बघत होतो. उरलेले 1,090 रुपये मात्र तुमच्या ऑर्डरच्या आकारामुळे गेले. तुम्हीच रांग खात खाली गेलात. 100 शेअर विकायचे असते तर हा दुसरा तुकडा शून्य असता, कारण 342 ला 120 शेअरचं गिऱ्हाईक होतं.

लोक ब्रोकरेजमधल्या वीस रुपयांवरून आमच्याशी वाद घालतात तेव्हा मला हे 1,810 रुपये आठवतात. याच सौद्यावर डिलिव्हरीचा सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स 0.1 टक्का, म्हणजे साधारण 273 रुपये लागतो. स्लिपेज त्याच्या सहापटीहून जास्त आहे, पण ते कुठल्याच बिलावर वेगळ्या ओळीत छापून येत नाही. म्हणून ते कुणाला खटकत नाही.

हाच सौदा लिमिट ऑर्डरने केला तर? विक्रीची लिमिट 341.50 म्हणजे "यापेक्षा कमीला देणार नाही". इथे एक गैरसमज मी रोज ऐकते, की 341.50 लिहिलं तर सगळे शेअर 341.50 लाच जातील. तसं होत नाही. वही वरूनच वाचली जाते. पहिले 120 शेअर 342 लाच जातात, 75 शेअर 341.80 ला, मग 200 शेअर 341.50 ला. 395 विकले गेले. उरलेले 405 आता उजवीकडच्या रांगेत 341.50 ला उभे राहतात, आणि सर्वांत स्वस्त विक्रेता म्हणून पहिल्या जागेवर असतात. थोड्या वेळात कुणी घेणारा आला तर ते जातील, नाही आला तर संध्याकाळी साडेतीनला ऑर्डर रद्द होईल आणि 405 शेअर तुमच्याकडेच राहतील.

रांगेत नंबर कसा लागतो तेही इथेच सांगते. आधी भाव, मग वेळ. 341.50 ला आधीच कुणी उभं असेल तर त्याचा नंबर पहिला. रांगेत असताना तुम्ही भाव बदललात किंवा संख्या वाढवलीत तर नंबर जातो आणि शेवटी उभं राहावं लागतं. काही लोक दर दोन मिनिटांनी पाच-पाच पैसे वरखाली करत बसतात आणि मग विचारतात की माझ्या भावाला सौदे होतायत, मग माझाच का राहिला. दर वेळी ते स्वतःच रांग सोडून मागे गेलेले असतात.

मार्केट ऑर्डर वाईट असं माझं म्हणणं नाही. रोज लाखो शेअरची उलाढाल होणाऱ्या मोठ्या बँकेच्या शेअरमध्ये खरेदी आणि विक्रीच्या भावात पाच-दहा पैशांचं अंतर असतं आणि पहिल्याच भावाला हजारभर शेअरचं गिऱ्हाईक असतं. तिथे 800 शेअर मार्केटला विकले तर पन्नास-ऐंशी रुपयांचा फरक पडेल. तेवढ्यासाठी कुणी लिमिट लावून बसलं नाही तरी चालेल. पण लहान शेअरमध्ये तेच बटण दाबताना डेप्थ न बघणं मला पटत नाही. आणि सकाळी सव्वानऊला, बाजार उघडल्याच्या पहिल्या काही मिनिटांत तर अजिबात नाही. त्या वेळी रांगा भरलेल्या नसतात, भाव झपाट्याने हलत असतो. ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसून, रबाळे-घणसोलीच्या दरम्यान नेट येतंय-जातंय अशा अवस्थेत लोक मार्केट ऑर्डर टाकतात. तुम्ही स्क्रीन बघितली तो क्षण आणि ऑर्डर एक्स्चेंजला पोचली तो क्षण यांत जितकं अंतर, तितकी वही बदललेली असण्याची शक्यता जास्त.

मोठ्या शेअरच्या वह्यासुद्धा आटतात, याचं आपल्या बाजारातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण 5 ऑक्टोबर 2012 चं आहे. एका ब्रोकरकडून एनएसईवर चुकीच्या ऑर्डर गेल्या आणि 650 कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सौदे झाले. निफ्टी काही क्षणांत 900 अंकांच्या आसपास कोसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. निफ्टीतल्या कंपन्या म्हणजे देशातल्या सर्वांत जास्त उलाढालीच्या कंपन्या. तिथेही एका भावाला ठरावीकच खरेदीदार उभे असतात, आणि ते संपले की पुढचा सौदा खालच्या भावाला होतो. फरक फक्त किती मोठी ऑर्डर आली म्हणजे रांग संपेल, एवढाच.

आता काकांच्या स्टॉपलॉसकडे.

पहिला प्रश्न असा की स्टॉप ऑर्डर लागतेच कशाला? शेअर 342 ला आहे, तो 330 पर्यंत पडला तर विकून बाहेर पडायचं आहे. मग 330 ची साधी लिमिट ऑर्डर विक्रीला लावली तर? तर ती त्याच क्षणी चालेल. 330 ची लिमिट म्हणजे "330 किंवा त्याहून जास्त मिळालं तर विक", आणि आत्ता तर 342 मिळतंय. नवीन लोकांकडून हे नेहमी होतं. तोटा रोखायला म्हणून ऑर्डर टाकतात आणि शेअर तिथल्या तिथे विकला जातो.

म्हणून ट्रिगर हवा. स्टॉपलॉस ऑर्डर एक्स्चेंजकडे जाते, पण मुख्य वहीत येत नाही. ती वेगळ्या, न दिसणाऱ्या वहीत पडून राहते. डेप्थमध्ये ती कुणाला दिसत नाही आणि रांगेत तिला नंबरही नसतो. ॲपमध्ये तिच्यापुढे "ट्रिगर पेंडिंग" असं लिहिलेलं असतं. त्या शेअरचा सौदा तुमच्या ट्रिगरच्या भावाला किंवा त्याखाली झाला की ती जागी होते आणि तेव्हा कुठे मुख्य वहीत उतरते. तुमचा फोन बंद असला तरी हे होतं, कारण ऑर्डर एक्स्चेंजकडे आहे. मात्र एनएसईवर लावलेली ऑर्डर एनएसईवरच्या सौद्यानेच जागी होते, बीएसईवर भाव कुठेही गेला तरी तिला त्याचा पत्ता नसतो.

जागी झाल्यावर ती काय बनते, यावर सगळं अवलंबून आहे. ॲपमध्ये दोन पर्याय दिसतात. SL-M निवडलं तर ती मार्केट ऑर्डर बनते. SL निवडलं तर ती लिमिट ऑर्डर बनते, आणि म्हणून SL मध्ये दोन भाव भरावे लागतात: ट्रिगरचा आणि लिमिटचा.

काकांनी SL निवडलं होतं. ट्रिगर 330, लिमिट 328, संख्या 800. बाजार सावकाश घसरत आला आणि 329.80 ला एक सौदा झाला. ट्रिगर लागला. त्या क्षणी खरेदीची रांग अशी होती असं समजा: 329.50 ला 100, 329 ला 180, 327.80 ला 90, 326.50 ला 250 आणि 325 ला 400. काकांची ऑर्डर आत आली, 100 शेअर 329.50 ला गेले, 180 शेअर 329 ला गेले. पुढचा खरेदीदार 327.80 देत होता. काकांची लिमिट 328. वीस पैशांनी गाडी अडली. उरलेले 520 शेअर 328 ला विक्रीच्या रांगेत उभे राहिले आणि भाव त्यांना मागे टाकून खाली गेला. दुपारपर्यंत 321.

मी काकांना ऑर्डर बुक उघडून दाखवलं. 800 पैकी 280 पूर्ण, 520 बाकी, आणि पुढे "ट्रिगर पेंडिंग" ऐवजी "ओपन" असं आलेलं. हा शब्दातला बदल तुमच्या ॲपमध्ये बघायची सवय ठेवा. "ओपन" दिसलं म्हणजे स्टॉपलॉसचं काम आधीच झालेलं आहे. आता ती एक साधी लिमिट ऑर्डर आहे आणि बाजार तिच्या खाली निघून गेला आहे. त्याच वेळी काकांनी लिमिट बदलून खाली आणली असती तर शेअर निघाले असते.

"मग मी लिमिट किती ठेवायला हवी होती?" काकांनी विचारलं.

लिमिट 325 असती तर काय झालं असतं? 100 शेअर 329.50 ला, 180 शेअर 329 ला, 90 शेअर 327.80 ला, 250 शेअर 326.50 ला आणि शेवटचे 180 शेअर 325 ला. मिळाले असते 2,61,797 रुपये, सरासरी 327.25. ट्रिगरच्या भावाशी ताडून बघितलं तर 800 शेअरवर 2,203 रुपयांचं स्लिपेज. वाचायला जास्त वाटतं. पण काकांचं प्रत्यक्षात काय झालं? 280 शेअरचे 92,170 रुपये आले, आणि उरलेले 520 शेअर 321 च्या भावाने 1,66,920 रुपयांचे. एकूण 2,59,090. म्हणजे दोन रुपयांच्या आत स्लिपेज रोखण्याच्या नादात 2,707 रुपये जास्त गेले, आणि शेअर अजून पडतोच आहे.

"पण मग ते सगळे शेअर 325 ला नसते का गेले?" हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि याच भीतीने लोक लिमिट ट्रिगरला चिकटून ठेवतात. नाही, जात नाहीत. वर बघितलं तसं वही वरूनच वाचली जाते. लिमिट हा तळ असतो. 329.50 चं गिऱ्हाईक उभं असताना तुमचा शेअर 325 ला जात नाही. रांग चांगली भरलेली असेल तर लिमिट 328 असो की 320, मिळणारा भाव तोच. खालची लिमिट तेव्हाच उपयोगाला येते जेव्हा रांग विरळ असते, आणि तेव्हाच तुम्हाला तिची गरज असते.

मी स्वतः ग्राहकांना असं सांगते: आधी त्या शेअरची डेप्थ तीन-चार वेळा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी बघा. तुमच्याएवढी संख्या विकायला किती खालच्या भावापर्यंत जावं लागेल ते मोजा. वरच्या तक्त्यात 800 शेअरसाठी 342 पासून 339 पर्यंत, म्हणजे तीन रुपये जावं लागत होतं. पडत्या बाजारात खरेदीदार मागे सरतात, रांग आणखी विरळ होते, म्हणून त्याच्या दुप्पट तरी अंतर ठेवा. म्हणजे ट्रिगर 330 आणि लिमिट 324 च्या आसपास. मोठ्या शेअरमध्ये रुपया-दोन रुपये पुरतात. डेप्थमध्ये दिसते त्याहून खरी संख्या जास्तही असू शकते, कारण मोठे व्यवहार करणाऱ्यांना आपल्या ऑर्डरचा काही भागच उघड दाखवण्याची मुभा असते. पण त्या न दिसणाऱ्या भागाच्या भरवशावर हिशोब करू नये.

आणि उलट शक्यताही सांगायला हवी. भाव 325 ला टेकून लगेच 333 ला गेला असता तर काकांचे 520 शेअर 328 ला आपोआप विकले गेले असते आणि अरुंद लिमिट फायद्याची ठरली असती. असंही होतं. पण स्टॉपलॉस लावतानाच तुम्ही ठरवलेलं असतं की या भावाखाली मला हा शेअर नको. एकदा ते ठरवलं की बाहेर पडणं महत्त्वाचं, शेवटचा रुपया नाही.

मग सरळ SL-M का नको? त्यात हा प्रश्नच नाही, ट्रिगर लागला की शेअर जाणार. भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये मला ते योग्य वाटतं. विरळ रांगेत मात्र मार्केट ऑर्डरला तळच नसतो. एखाद्या क्षणी खरेदीदारच नसले तर ती भलत्याच खालच्या भावाला जाऊन आदळते. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये असे विचित्र भावाचे सौदे झाले, आणि 27 सप्टेंबर 2021 पासून एनएसईने ऑप्शनसाठी SL-M बंदच केलं. बीएसईने 9 ऑक्टोबर 2023 पासून ते सगळीकडून काढून टाकलं. तिथे आता लिमिटसह SL हाच मार्ग आहे. ज्यांना पूर्वीची सवय होती ते तिथे ट्रिगर आणि लिमिट एकच आकडा भरतात. तो आकडा एकच ठेवला की काकांचं झालं तेच होण्याची शक्यता सर्वांत जास्त.

खरेदीची स्टॉप ऑर्डरही असते, म्हणजे भाव वर गेला तर घे. शॉर्ट केलेले, म्हणजे आधी विकून नंतर विकत घेणारे लोक ती लावतात. सगळं तसंच, फक्त दिशा उलटी: लिमिट ट्रिगरच्या वर ठेवायची.

आतापर्यंत बाजार चालू असताना सावकाश घसरला असं धरलं. रात्रीत उडी पडली की हिशोब वेगळा. साडेतीनला बाजार बंद होतो, संध्याकाळी कंपनीचा तिमाही निकाल वाईट येतो, आणि दुसऱ्या दिवशी शेअर 340 वरून थेट 312 ला उघडतो. मधल्या 28 रुपयांत एकही सौदा झालेला नाही. तुमचा 330 चा ट्रिगर पहिल्याच सौद्याला लागतो, कारण 312 हे 330 च्या खालीच आहे. SL-M असेल तर शेअर 312 च्या आसपास जातो, बहुधा त्याहूनही खाली, कारण 335, 330, 325, 320 असे सगळ्यांचे स्टॉपलॉस त्याच क्षणी जागे होऊन विकायला धावतात. SL असेल आणि लिमिट 324 असेल तर ऑर्डर 324 ला उभी राहते, बाजार 312 ला, आणि एकही शेअर विकला जात नाही. अशा वेळी स्टॉप ऑर्डर तुम्हाला 330 मिळवून देऊ शकत नाही, कारण 330 ला घेणारा कुणी नव्हताच. निकालाच्या आदल्या दिवशी किती शेअर हातात ठेवायचे, हा निर्णय ऑर्डरच्या प्रकाराने सुटत नाही. तो साडेतीनच्या आतच घ्यावा लागतो.

शिवाय त्या सकाळी तुमची ऑर्डर तिथे होती का, हेही बघा. साधी SL ऑर्डर एका दिवसापुरती असते. आज लावली, ट्रिगर लागला नाही, तर साडेतीनला ती संपली. उद्या पुन्हा लावायला हवी. "मी गेल्या आठवड्यात लावला होता स्टॉपलॉस" असं सांगणारे ग्राहक मी पाहिलेत. त्यासाठी ब्रोकर GTT नावाची सोय देतात, ती महिनोन्‌महिने राहते. पण ती ब्रोकरच्या संगणकावर असते, एक्स्चेंजकडे नाही. भाव आला की ब्रोकरचा संगणक तुमच्या वतीने बहुधा लिमिट ऑर्डर पाठवतो. म्हणजे लिमिट किती खाली ठेवायची हा प्रश्न तिथेही तसाच उरतो.

आणि एक परिस्थिती अशी आहे जिथे कुठलीच ऑर्डर चालत नाही. बऱ्याच लहान शेअरना दिवसाची 5, 10 किंवा 20 टक्क्यांची मर्यादा असते. शेअर खालच्या सर्किटला लागला की त्याखाली सौदा होऊ शकत नाही, आणि त्या भावाला घेणारे नसतात. डेप्थची डावी बाजू कोरी आणि उजवीकडे लाखभर शेअर विकायला उभे. तिथे मार्केट, लिमिट, स्टॉप सगळ्या एकाच रांगेत उभ्या राहतात. जो आधी उभा राहिला त्याचा नंबर पहिला. असा शेअर विकायचाच असेल तर सकाळी लवकरात लवकर सर्किटच्या भावाला लिमिट लावून रांगेत नंबर धरणं एवढंच करता येतं.

आपल्या ऑर्डरच्या आकारामुळे किती स्लिपेज झालं ते मोजायचं असेल तर होल्डिंगच्या पानावर किंवा LTP शी तुलना करून ते कळणार नाही. ऑर्डर टाकायच्या क्षणी डेप्थचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट येते, तिच्यात तुमच्या एका ऑर्डरचे किती तुकडे झाले, प्रत्येक तुकडा किती वाजता आणि किती भावाला गेला हे ओळीने दिलेलं असतं. विकलं असेल तर स्क्रीनशॉटमधला खरेदीचा सर्वांत वरचा भाव घ्या, त्यातून तुमची सरासरी वजा करा आणि संख्येने गुणा. काकांनी तिथेच बसून जुन्या तीन कॉन्ट्रॅक्ट नोट काढल्या. स्क्रीनशॉट नव्हते, पण एका विक्रीत एकाच सेकंदात सात तुकडे झालेले होते आणि पहिल्या-शेवटच्या तुकड्यात चार रुपयांचं अंतर होतं. ती ऑर्डर त्यांनी मार्केटला टाकलेली होती.